भुंगेरा तोच, रंग कोणाचा टिकणार?

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. इथली मूळ ओळख म्हणजे माळरान: मुरमाड जमीन आणि वर्षातले बरेच महिने वाळून पिवळे पडलेले गवत. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पाणी पोहोचले तिथे उसाचे हिरवे फड उभे राहिले. रंगच बदलला, तर तिथल्या किड्यांचे काय होते? एका काल्पनिक भुंगेऱ्याचा हिशोब मांडून पाहू.

माळावर या जातीचे 100 भुंगेरे आहेत: 90 तपकिरी, 10 हिरवे. हिरवा रंग जनुकांतल्या बदलातून आधीच आलेला आहे. वाळल्या गवतात हिरवा भुंगेरा कोतवालाच्या नजरेत लगेच भरतो, म्हणून त्यांची संख्या कमी. आता तिथे ऊस आला. हिरव्या पानावर तपकिरी भुंगेरा उठून दिसतो. समजा, पिल्ले होण्याआधी तपकिरींपैकी 40 टक्के वाचतात आणि हिरव्यांपैकी 80 टक्के. म्हणजे उरले 36 तपकिरी आणि 8 हिरवे. पिल्ले आईबापांच्याच रंगाची झाली, तर पुढच्या पिढीत हिरवे 10 वरून सुमारे 18 टक्क्यांवर जातात. हेच चालू राहिले, तर चौथ्या फेरीनंतर ते 64 टक्के होतात.

या साऱ्यात एकाही भुंगेऱ्याने स्वतःचा रंग बदललेला नाही. तपकिरी भुंगेरा तपकिरीच जगला आणि तपकिरीच मेला. बदलले ते समूहातले प्रमाण. हीच नैसर्गिक निवड, आणि तिच्यातून समूह परिसराला साजेसा होत जाणे म्हणजे अनुकूलन. मुळात हिरवे नसतेच, तर गरज आहे म्हणून ते जन्मले नसते.

रंगाचे प्रमाण बदलले की लगेच निवड म्हणू नये. पाऊस किंवा औषधफवारणीत योगायोगाने एकाच रंगाचे किडे जास्त मरू शकतात. काही नाकतोडे तर दमट हिरवळीत वाढले की हिरवे होतात. तो वारसा नव्हे. म्हणून हिरव्या जोडीची पिल्ले कोरड्या, तपकिरी जागी वाढवून पाहावीत. तिथेही ती हिरवीच निघाली, तर रंग आनुवंशिक असल्याचा भक्कम पुरावा मिळतो.

खऱ्या भुंगेऱ्यांतही असे बदल नोंदले गेले आहेत. नेदरलँड्समध्ये दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याचे काही प्रकार काळे, तर काही लाल असतात. काळे अंग उन्हात लवकर तापते, थंडीत त्याचा फायदा होतो. 1980 नंतरच्या पंचवीसेक वर्षांत तिथल्या आतल्या भागात काळ्यांचे प्रमाण बरेच घटले. वाढते तापमान हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. इथे निवड करणारा पक्षी नव्हे, बहुधा हवामान आहे.

अनुकूलन कायमचे नसते. ऊसतोड होऊन रान पुन्हा तपकिरी दिसू लागले, की हिरवा भुंगेरा पुन्हा उघडा पडतो. कोणता रंग चांगला, हे परिसर सांगितल्याशिवाय ठरत नाही.