टाकीच्या आतली हवा

९ नोव्हेंबर २०१०. अमेरिकेतल्या बफेलो शहरात ड्युपॉन्ट कंपनीचा कारखाना. सकाळी अकराच्या सुमाराला तिथे एका मोठ्या टाकीच्या छतावर वेल्डिंग चालू होतं. टाकीतला माल ढवळणाऱ्या अ‍ॅजिटेटरचे आधार गंजले होते, ते दुरुस्त करायचे होते. काम कॉन्ट्रॅक्टरकडे होतं. वेल्डर त्याचा, फोरमनही त्याचाच. अचानक टाकीच्या आत स्फोट झाला आणि सुमारे चाळीस हजार लिटरच्या त्या टाकीचं बहुतेक छत उखडून काठावर लोंबकळत राहिलं. वेल्डर जागीच गेला. फोरमन भाजला, पण वाचला.

अशी बातमी वाचली की आपण गृहीत धरतो, कुणीतरी न विचारता काम सुरू केलं असणार. इथे तसं नव्हतं. कामाचं हॉट वर्क परमिट काढलेलं होतं, त्यावर सह्या होत्या आणि ज्वलनशील वायू आहे का हे मीटरने तपासलेलंही होतं. म्हणून तर ही घटना परमिटची पद्धत समजून घ्यायला इतर अनेक अपघातांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

हॉट वर्क म्हणजे ज्यातून ज्योत, ठिणगी किंवा पेटवण्याइतकी उष्णता निघते असं कुठलंही काम. वेल्डिंग आणि गॅस कटिंग तर त्यात आलंच; पण ग्राइंडिंगही आलं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. ग्राइंडरच्या चाकातून ज्योत निघत नाही, त्यामुळे 'नुसतं घासायचं आहे' म्हणून परमिटशिवाय हात चालवला जातो. कारखान्यात अशा कामासाठी ठरलेली जागा म्हणजे वर्कशॉप. वर्कशॉपबाहेर, प्लांटमध्ये हे काम करायचं तर त्या एका कामापुरती, त्या जागेपुरती आणि साधारण एका शिफ्टपुरती लेखी परवानगी लागते. ती देतो प्लांटचा जबाबदार माणूस, घेतो काम करवून घेणारा. या दोघांना एकमेकांची गरज का आहे, यातच परमिटचं सगळं मर्म आहे. वेल्डरला लोखंड कळतं. या टाकीत काल काय होतं आणि शेजारच्या पाइपातून आज काय वाहतंय, हे त्याला ठाऊक नसतं. ऑपरेटरला माल कळतो. वेल्डिंगची उष्णता पत्र्याच्या पलीकडे काय करते, याचा त्याला अंदाज असेलच असं नाही. परमिट या दोघांना काम सुरू होण्याआधी एका जागी उभं करतं, निदान करायला हवं.

आता 'ज्वलनशील वायू आहे का' या प्रश्नाकडे वळू. हवेत पेट्रोलची वाफ फार थोडी असेल तर ती पेटत नाही. फार जास्त असेल तरीही पेटत नाही, कारण प्राणवायू अपुरा पडतो. मधल्या टप्प्यातच स्फोट होतो. पेट्रोलसाठी हा टप्पा हवेच्या साधारण १.४ टक्क्यांपासून सुरू होतो. दोनशे लिटरचा रिकामा ड्रम घ्या. त्याचे १.४ टक्के म्हणजे २.८ लिटर वाफ. एक मिलिलिटर पेट्रोल उडून गेलं की साधारण दोनशे मिलिलिटर वाफ होते. म्हणजे तळाशी चौदा-पंधरा मिलिलिटर पेट्रोल, एक मोठा चमचाभर, राहिलं तर अख्खा ड्रम स्फोटक होतो. काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये वाफेला आणि हवेला जागाच नसते. उलटा करून 'रिकामा' केलेल्या ड्रममध्ये दोन्ही असतात. जुने ड्रम कापून टाक्या किंवा शेगड्या करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये माणसं मरतात ती याच हिशोबाने.

या खालच्या मर्यादेला कारखान्यात एलईएल म्हणतात. गॅस मीटर सहसा हवेतलं वायूचं प्रमाण थेट दाखवत नाही. एलईएलच्या किती टक्के झालं ते दाखवतो. मीटरवर दहा दिसले, तर पेट्रोलच्या बाबतीत हवेत ०.१४ टक्के वाफ आहे असा अर्थ. मग अजून नव्वद टक्के मोकळीक आहे असं वाटू शकतं. पण हा आकडा मीटरची नळी जिथे होती तिथला, आणि त्या क्षणाचा. दोन हात पलीकडे खळग्यात तो पन्नास असू शकतो. म्हणूनच हॉट वर्कसाठी चांगले कारखाने शून्याचा आग्रह धरतात आणि काट्याने जरा जरी हालचाल दाखवली तरी वाफ येते कुठून हे शोधतात.

बफेलोत मीटरने तपासलं होतं ते टाकीच्या छतावर, जिथे वेल्डर उभा राहणार होता तिथली हवा. तिथे काही सापडलं नाही, आणि ते खरंच होतं. टाकीच्या आतली हवा मात्र कुणीच तपासली नाही. ते कंपनीच्या कार्यपद्धतीत बंधनकारकही नव्हतं. केमिकल सेफ्टी बोर्ड ही तिथली सरकारी संस्था रासायनिक अपघातांची चौकशी करते. तिच्या अहवालाने बोट ठेवलं ते याच गोष्टीवर.

पण आत वायू आला कुठून? ती टाकी तर दुरुस्तीसाठी बंद होती. या कारखान्यात व्हिनाइल फ्लोराइड नावाच्या ज्वलनशील वायूपासून एक प्लास्टिक बनायचं. तयार मालाचा पाण्यातला पातळ रबडा ओळीतल्या तीन टाक्यांमध्ये यायचा, आणि त्यासोबत न वापरलेला थोडा वायूही यायचा. तो पेटण्याइतका साठणार नाही, असं कंपनीच्या इंजिनिअरांनी धरलं होतं. दुरुस्तीसाठी पहिल्या टाकीची आवक बंद करून कुलूप घातलं गेलं. शेजारच्या दोन टाक्या मात्र तीन दिवस आधीच पुन्हा सुरू झाल्या होत्या. आणि तिन्ही टाक्यांना जोडणारा एक पाइप होता, एक भरली तर जादा माल दुसरीकडे जावा म्हणून ठेवलेला, म्हणजे ओव्हरफ्लोचा. त्या पाइपाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. चालू टाक्यांमधला वायू त्याच वाटेने बंद टाकीत हळूहळू साठत राहिला. बाकीचं काम छतावरच्या उष्णतेने किंवा एखाद्या ठिणगीने केलं.

टाकीला जोडलेला प्रत्येक पाइप तोडायचा, किंवा त्याच्या फ्लँजमध्ये पोलादी चकती घालायची, हा यावरचा जुना उपाय. प्लांटची माणसं याला 'ब्लाइंड मारणं' म्हणतात. नुसता व्हॉल्व्ह बंद करणं पुरत नाही, कारण व्हॉल्व्ह थोडेफार गळतातच, आणि कुणी चुकून उघडले तर बाहेरून ते लगेच ध्यानात येत नाही. ब्लाइंड घातलं की त्याचा दांडा बाहेर दिसतो आणि ते मोजता येतं. परमिटवर 'टाकी बंद केली' असं लिहिण्यापेक्षा 'चार पाइप, चार ब्लाइंड' असं लिहिणं चांगलं, कारण मग कुणीतरी पाचवा पाइप आहे का ते बघायला टाकीभोवती फिरतो. बफेलोत ओव्हरफ्लोच्या पाइपाला ब्लाइंड नव्हतं.

टाकीच्या आत तपासतानाही मीटर फसवू शकतो. पेट्रोल, सॉल्व्हंट यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी नळी सोडावी लागते. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. नेहमीच्या मीटरमधला सेन्सर आलेली वाफ आतल्या आत जाळून तिचं प्रमाण मोजतो, आणि जाळायला प्राणवायू लागतो. टाकीत नायट्रोजन भरलेला असेल तर आत वाफ कोंडलेली असूनही मीटर शून्याजवळ राहू शकतो. मग मॅनहोल उघडतात, हवा आत शिरते आणि खरा धोका तेव्हा सुरू होतो. म्हणून आधी प्राणवायू किती आहे ते बघायचं आणि मगच एलईएलच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

तिसरी गोष्ट वेळेची. तळाशी चिकटलेला गाळ थंड असताना गप्प असतो. वेल्डिंगने पत्रा तापला की तोच गाळ वाफ सोडू लागतो. सकाळी आठला घेतलेलं शून्य दुपारी बाराला शिळं झालेलं असतं. काम थांबलं, जेवणाची सुट्टी झाली, शेजारी कुणी पंप सुरू केला, की पुन्हा तपासायचं. सगळ्यात चांगलं म्हणजे काम चालू असताना मीटर तिथेच लावून ठेवायचा.

आपल्याकडे ही जाणीव कागदावर नवी नाही. ज्यात ज्वलनशील पदार्थ आहे किंवा पूर्वी होता अशा टाकीवर, तो पदार्थ आणि त्याच्या वाफा काढून टाकल्याशिवाय किंवा त्या पेटणार नाहीत अशा केल्याशिवाय वेल्डिंग, कटिंग करू नये, असं १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ३७ मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. 'पूर्वी होता' हे त्यातले मोलाचे शब्द. तेल कंपन्यांसाठी वर्क परमिटचं वेगळं मानकही आहे, ओआयएसडी १०५. अडचण येते ती अंमलात. शटडाऊनच्या दिवसांत सकाळी कंट्रोल रूमबाहेर कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरांची रांग लागते, प्रत्येकाच्या हातात परमिटचं पुस्तक. सही करणाऱ्याने प्रत्येक जागा पाहून यायचं ठरवलं तर दुपार होईल. मग खुर्चीतच सह्या होतात, आणि कालच्या परमिटवरून आजचं उतरवलं जातं. असं परमिट ओळखू येतं: सगळ्या रकान्यांत एकाच हाताच्या एकसारख्या टिकल्या, गॅसच्या तपासणीची वेळ आणि सहीची वेळ एकच, आणि जागेच्या रकान्यात 'टँक फार्म' एवढंच मोघम. कोणती टाकी, तिची कोणती बाजू, काहीच नाही. माझ्या मते सही करणाऱ्याच्या वाट्याला दिवसाला मोजकीच परमिटं यावीत, बाकीची कामं उद्यावर जाऊ द्यावीत. मॅनेजरांना हे आवडणार नाही, पण इतर उपायांपेक्षा हा स्वस्त आहे.

काम संपलं की परमिट संपत नाही. वेल्डिंगची ठिणगी दूर उडते, भेगेत शिरते. कामाच्या जागेभोवती पस्तीस फूट, म्हणजे जवळपास अकरा मीटर, जळण्यासारखं काही ठेवू नये आणि जे हलवता येत नाही ते आगरोधक कापडाने झाकावं, असा अमेरिकेतला नियम आहे. गटारांची तोंडंही झाकतात, कारण वाफ उतारानं तिकडेच जाते. ११ एप्रिल १९९६ ला जर्मनीतल्या डुसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं. रस्त्याच्या सांध्यातून वितळलेल्या धातूचे थेंब खाली टर्मिनलच्या छतातल्या पॉलिस्टायरीनवर पडले. आगीत सतरा माणसं गेली. काम वर चाललं होतं, तेव्हा खाली लक्ष ठेवणारा माणूस हवा होता. त्याला फायर वॉच म्हणतात. हातात अग्निशामक घेऊन तो फक्त बघत राहतो, दुसरं काहीही करत नाही. त्याच्याकडून हातोडी मागणं किंवा केबल ओढून घेणं म्हणजे तो नाहीच असं समजा.

वेल्डर निघून गेल्यावरही फायर वॉचने तिथे थांबायचं असतं, कारण कापूस, भुसा, इन्सुलेशन ज्वाळा न दाखवता बराच वेळ धुमसतात. अमेरिकेतल्या एनएफपीए ५१बी या मानकात हा वेळ अर्धा तास होता. २०१९ च्या आवृत्तीत तो एक तास झाला. त्यानंतर जागा पाहून परमिटवर 'काम बंद' अशी वेळेसह सही होते आणि मगच ब्लाइंड काढून टाकी परत प्लांटच्या ताब्यात जाते.