पाच सेकंद प्रेक्षकाचे

सकाळी ७

चहाचा कप हातात असतानाच काल टाकलेल्या शॉर्टचा आलेख उघडते. किती जणांनी पाहिला हे नंतर. लोक कोणत्या सेकंदाला सोडून गेले ते आधी बघायचं असतं. कालच्या व्हिडिओत आम्ही उलटी मोजणी दहा सेकंदांची ठेवली होती. प्रश्न आणि पर्याय संपेपर्यंत रेघ ठीक चालली आहे. मोजणी सुरू झाली, सात-सहा आकडा आला आणि तिथून रेघ घसरत गेली आहे. म्हणजे ज्याला उत्तर सुचलं त्याला ते तीन-चार सेकंदांतच सुचलं होतं आणि पुढे नुसतं चाक फिरताना बघायचा त्याला कंटाळा आला. उत्तर येतं तिथे रेघ पुन्हा थोडी वर उठते, कारण काही जण मागे जाऊन उत्तर परत बघतात. तो उंचवटा दिसला की मला बरं वाटतं. उत्तराने कुणाला तरी धक्का दिला, याची ती खूण असते.

आज पाच सेकंद, एवढं ठरवून टाकलं.

सकाळी ९

प्रश्न निवडायचा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले तेव्हापासून किल्ल्यांवरचे प्रश्न लोक आवडीने बघतात. त्या बारांत साल्हेरही आहे आणि साल्हेर म्हटलं की एक चांगला प्रश्न तयारच आहे: महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला कोणता?

हा प्रश्न चांगला का, तर प्रत्येकाकडे याचं काही ना काही उत्तर असतं. ‘माहीत नाही’ असं म्हणून कुणी बोट वर सरकवत नाही. पुण्याकडचा माणूस तोरणा म्हणेल, कारण प्रचंडगड हे नाव त्याने ऐकलेलं असतं. ज्याने रायगडाची चढण चढली आहे तो शपथेवर रायगड सांगेल. ज्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर माणूस ठामपणे देतो, तोच या पाच सेकंदांसाठी योग्य. ज्याचं उत्तर एक तर पाठ असतं किंवा अजिबात सुचत नाही, त्या प्रश्नात मोजणी फुकट जाते.

सुरुवातीला मी पर्यायांत कळसूबाई लिहिलं होतं. भाऊ म्हणाला, “ताई, सगळे तेच निवडतील बघ.” निवडतीलही. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण कळसूबाई किल्लाच नाही. उत्तर आल्यावर माणसाला वाटणार की शब्दात पकडलं. त्यात त्याला नवं काही कळत नाही, राग मात्र येतो. मी ते खोडलं.

सकाळी १० ते १२

दिवसातला सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

याचा धडा मला एका चुकीने मिळाला. सुरुवातीच्या दिवसांत मी विचारलं होतं, ‘भारतातला पहिला चित्रपट कोणता?’ उत्तर ठेवलं ‘राजा हरिश्चंद्र’, आणि चुकीच्या पर्यायांत ‘श्री पुंडलिक’. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आवाज शांत होता, पण दुखावलेला. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईत १८ मे १९१२ रोजी पडद्यावर आला, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी. ‘पुंडलिक’ हे नाटकाचं चित्रण होतं म्हणून त्याला चित्रपट म्हणायचं की नाही यावर वाद आहे, पण तो वाद आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं, असं ते म्हणाले. खरंच होतं ते. प्रश्नात ‘पूर्ण लांबीचा कथापट’ एवढे शब्द असते तर उत्तर एकच राहिलं असतं. मोजणी संपल्यावर पडद्यावर हिरवी खूण उमटते तेव्हा समोरचा माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो. तिथे अर्धं खरं चालत नाही.

म्हणून आजचा प्रश्न उलटसुलट तपासला. साल्हेरची उंची १५६७ मीटर, तोरण्याची १४०३ आणि रायगडाची ८२० च्या आसपास. उंचीचे आकडे पुस्तकागणिक काही मीटरने इकडेतिकडे होतात. पण साल्हेर आणि तोरणा यांच्यात १६४ मीटरचं अंतर आहे. आकडा दहा मीटरने हलला तरी क्रम हलत नाही. आकड्यांच्या प्रश्नात मी हेच बघते: दोन पर्यायांमधलं अंतर पुस्तकांमधल्या फरकापेक्षा बरंच मोठं आहे का? नसेल तर प्रश्न कितीही गोड असला तरी वहीतच राहतो. हरिश्चंद्रगड मी घेतला नाही तो मात्र जागेपायी. तीन नावं फोनवर मोठ्या अक्षरात बसतात. चौथं घातलं की अक्षर बारीक होतं आणि पाच सेकंदांतले दोन वाचण्यातच जातात.

एक शब्द अजून अडला. ‘उंच’ म्हणजे पायथ्यापासून की समुद्रसपाटीपासून? चढताना दम काढतो तो किल्ला लोकांना उंच वाटतो. म्हणून प्रश्न असा केला: ‘समुद्रसपाटीपासून सर्वांत उंच असलेला महाराष्ट्रातला किल्ला कोणता?’ थोडा लांबला, पण फोन येणार नाही.

मग फासा टाकला. बरोबर उत्तर अ, ब की क वर ठेवायचं हे मी मनाने ठरवत नाही. मनावर सोडलं की हात आपोआप मधल्या जागेकडे जातो आणि रोज बघणारी मुलं आठवड्याभरात ते ओळखतात. फाशावर चार पडले. एक-दोन अ, तीन-चार ब, पाच-सहा क असा आमचा ठराव आहे. साल्हेर ब वर.

दुपारी १२.३०

आवाज. पहिल्या वेळी मी ‘रायगड’ आणि ‘तोरणा’ सपाट म्हटलं आणि ‘साल्हेर’ म्हणताना सूर किंचित वर गेला. मला कळलंही नाही, भावाने ऐकवलं तेव्हा कळलं. उत्तर माहीत असलेला माणूस ते लपवू शकत नाही. उपाय साधा आहे. तिन्ही नावं उलट्या क्रमाने, वेगवेगळी, प्रत्येकी तीनदा म्हणायची आणि त्यातून सारख्या सुराचे तुकडे उचलायचे.

दुपारी १

शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या आमच्या कायमच्या परीक्षक आहेत. चित्र अजून तयार नव्हतं, मी कागदावर लिहिलेले पर्याय पुढे ठेवून प्रश्न वाचला.

“काकू, घड्याळाकडे बघू नका. सुचलं की मोठ्याने सांगा.”

“रायगडच ना गं? राजधानी होती ती.”

तीन सेकंद लागले होते. मी साल्हेर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “हे कुठं आलं?” मला हवं होतं तेच. उत्तरानंतर कोणती ओळ द्यायची ते काकूंच्या त्या प्रश्नाने ठरलं: ‘साल्हेर, १५६७ मीटर. नाशिक जिल्हा, बागलाण तालुका.’ १६७२ च्या साल्हेरच्या लढाईवर मी दोन वाक्यं लिहून ठेवली होती, मोगलांचा खुल्या मैदानातला मोठा पराभव. जीव तुटला, पण काढली. उत्तर कळल्यावर माणूस एकच गोष्ट ऐकायला थांबतो.

दुपारी २ ते ५

भाऊ जुळवणीला बसतो, मी शेजारी. उभी चौकट, १०८० बाय १९२०, सेकंदाला तीस फ्रेम. प्रश्न साधारण चार सेकंद, मग दर सेकंदाला एक पर्याय, मग अर्धा सेकंद शांतता. या अर्ध्या सेकंदावरून आम्ही पूर्वी भांडलो आहोत. तिसरा पर्याय उमटतानाच मोजणी सुरू केली तर बघणारा अजून वाचत असतो आणि त्याचा पहिला सेकंद चोरला जातो.

मोजणी पाच सेकंदांची, म्हणजे १५० फ्रेम. प्रत्येक आकड्याला बरोबर तीस. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि एकचे तीस फ्रेम पूर्ण झाले की उत्तर. शून्य दाखवायचं नाही. शून्य दाखवलं की सहावा सेकंद होतो आणि माणूस उगीच ताटकळतो.

आकड्याभोवती एक पिवळं कडं असतं, ते वरून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुसत जातं. आज ते मला विचित्र वाटत होतं. वेळ बरोबर होती, तरी शेवटी शेवटी कडं रेंगाळत होतं. भावाने फ्रेम मोजल्या. आकडा दोनवरून एकवर गेला तेव्हा कड्याचा पाचवा भाग शिल्लक असायला हवा होता. प्रत्यक्षात दहावा भागसुद्धा राहिला नव्हता. तेवढाच तुकडा मग अख्खा सेकंद सरपटत होता. सॉफ्टवेअर आपणहून हालचालीला सुरुवातीला आणि शेवटी मऊपणा देतं. ते फूल उमलताना छान दिसतं. वेळ दाखवणारी वस्तू मात्र एकसारख्या वेगानेच चालायला हवी, नाही तर आकडा एक सांगतो आणि कडं दुसरंच. मऊपणा काढला, कडं सरळ चाललं आणि मोजणी एकदम खरी वाटायला लागली.

टिकटिकीचंही तसंच. आवाजाच्या फाइलच्या सुरुवातीला चार फ्रेमची शांतता होती, म्हणून आकडा आधी बदलायचा आणि टिक मागून यायची. एवढा फरक डोळ्यांना सांगता येत नाही, पण काहीतरी ढिलं आहे असं वाटत राहतं. ती शांतता कापली.

मग अक्षरं. ‘किल्ला’ मधली पहिली वेलांटी ल वर जाऊन बसली होती आणि जोडाक्षर सुटून हलन्त दिसत होता. देवनागरीची जुळणी न करणारी मांडणी निवडली गेली की हे होतं. सेटिंग बदललं आणि मुक्ता टाइप लावला. त्याचं अक्षर जाड केलं तरी ‘साल्हेर’ मधला ल्ह भरून जात नाही.

उत्तर आलं की बाकीचे दोन पर्याय फिके होतात, साल्हेर जागेवरच हिरवं होतं आणि शेजारी बरोबरची खूण येते. नुसत्या हिरव्या-लाल रंगावर सोडत नाही, कारण ज्यांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत अशी माणसंही बघत असतात. किल्ल्याचा फोटोसुद्धा इथेच येतो. सुरुवातीला मागे फोटो ठेवला तर साल्हेर चढलेला माणूस प्रश्न वाचायच्या आधीच ओळखेल.

संध्याकाळी ६

फोनवर बघायचं, आधी आवाज बंद करून. बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी लोक असेच बघतात. आवाज नसतानाही मोजणी कळते का? कळली. उजवीकडच्या बटणांखाली आणि खालच्या नावाच्या पट्टीखाली काही दडलं नाही ना? क हा पर्याय पट्टीला चिकटला होता, तिन्ही थोडे वर सरकवले.

शेवटची तपासणी मुखचित्राची. ते आपोआप निवडलं गेलं होतं, आणि निवडलं गेलेलं चित्र नेमकं हिरव्या साल्हेरचं होतं. दिवसभर जे जपलं ते उघडायच्या आधीच सांगून टाकणारं. आकडा पाच दिसणारी फ्रेम निवडली. नावातही फक्त प्रश्न ठेवला.

संध्याकाळी ७

सगळा मिळून अठरा सेकंदांचा झाला. टाकला.

काकू दारातून विचारून गेल्या, “ते नाशिककडचं झालं का?” त्यांच्या नातवाने आल्या आल्या फोन हातात घेतला. प्रश्न वाचला, ओठ हलले, तीनवर असताना ‘तोरणा’ म्हणाला आणि आकडा एकवर येईपर्यंत पापणीही लवली नाही. उत्तर दिसल्यावर त्याने अंगठ्याने व्हिडिओ मागे ओढला आणि पुन्हा बघितला.

मी वहीत आजची ओळ लिहिली, साल्हेर, ब, पाच सेकंद, आणि उद्यासाठी फासा टाकला. दोन पडले. उद्याचं उत्तर अ वर.