चार पंप कमी, ट्रक दारात

ऑर्डर 100 पंपांची. गोदामाच्या हातात डिलिव्हरी नोटही 100 चीच. पण रॅकवर निघाले 96. आता काय करायचं?

सॅपसारख्या ईआरपीत डिलिव्हरीच्या प्रत्येक ओळीवर दोन आकडे असतात: पाठवायचे किती आणि रॅकवरून उचलले किती. ते जुळेपर्यंत माल बाहेर पडल्याची नोंद होत नाही. घाईतला माणूस उचललेल्या रकान्यातही 100 लिहून मोकळा होतो, आणि चार पंपांचा घोळ ग्राहकाकडे माल पोचल्यावर उघडा पडतो. सरळ मार्ग म्हणजे पाठवायचा आकडा 96 करणं. ग्राहकाने तुकड्यांत माल घेणं मान्य केलं असेल, तर उरलेले चार ऑर्डरवर बाकी राहतात.

पॅकिंगमध्ये कुठल्या खोक्यात काय, एवढंच नोंदवतात. साठा हलत नाही. तो हलतो ‘पोस्ट गुड्स इश्यू’ला. हालचाल प्रकार 601 पडतो, साठ्यातून 96 वजा होतात, त्यांची किंमत खर्चात जाते आणि डिलिव्हरी `VF04` या बिलिंगच्या यादीत येते. यादीत येणं म्हणजे बिल होणं नव्हे. ते कुणीतरी किंवा रात्रीच्या जॉबने काढावं लागतं.

आपल्याकडे जीएसटीनुसार मालाचं बिल माल निघताना किंवा त्याआधी हवं. त्यामुळे रात्रीच्या जॉबवर विसंबलात, तर ट्रक सकाळपर्यंत फाटकातच उभा राहील.