एकच आकडा, दोन वर्षे

आयकर विवरणपत्र भरण्याच्या मार्गदर्शिकांवर 'आयटीआर-१, २०२५-२६' असा मथळा असतो. तो पुरेसा आहे, असे मलाही वाटत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये भोपाळमधील एका पगारदार स्नेह्यांनी माझा हा समज दूर केला. त्यांचा आर्थिक वर्ष २०२४-२५चा पगार ११ लाख रुपये होता आणि त्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली होती. मार्गदर्शिकेत '१२ लाखांपर्यंत कर शून्य' असे वाचून, कापला गेलेला सर्व कर परत मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. संकेतस्थळ मात्र परतावा शून्य दाखवीत होते आणि दोष संकेतस्थळाचाच, अशी त्यांची खात्री झाली होती.

हिशेब बरोबर होता. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न १०,२५,००० रुपये उरले. त्या वर्षीच्या दरांनुसार त्यावर ५३,७५० रुपये कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ५५,९०० रुपये होतात. तेवढाच कर पगारातून कापलेला होता. १२ लाखांची सवलत आर्थिक वर्ष २०२५-२६च्या उत्पन्नाला आहे. ते भरीत होते ते विवरणपत्र कर निर्धारण वर्ष २०२५-२६चे, म्हणजे त्याआधीच्या वर्षातील कमाईचे. आकडा एकच, वर्षे दोन.

अर्जाच्या नावाचेही तसेच आहे. सूचिबद्ध समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफा असेल, तर पूर्वी आयटीआर-१ चालत नसे. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून कलम ११२अ खालील सव्वा लाखापर्यंतचा नफा त्यात दाखवता येतो. मात्र पुढे ओढायचा भांडवली तोटा नसावा. म्हणून अर्जाचे नाव वर्षाविना निरर्थक ठरते.

वर्ष अचूक लिहूनही भागत नाही. त्याच वर्षाची ३१ जुलै ही मुदत २७ मे २०२५ रोजी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली आणि अखेरीस आणखी एक दिवस मिळाला. मे महिन्याच्या आरंभी लिहिलेली बिनचूक मार्गदर्शिकाही महिनाअखेरीस कालबाह्य झाली होती.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होताना 'कर निर्धारण वर्ष' ही संज्ञा जाऊन 'कर वर्ष' येते. हेतू सुलभीकरणाचा आहे. पण संक्रमणात एक सापळा आहे. 'कर निर्धारण वर्ष २०२६-२७' म्हणजे मार्च २०२६ अखेरपर्यंतची कमाई, तर 'कर वर्ष २०२६-२७' म्हणजे त्यानंतरची.

म्हणून मार्गदर्शिकेच्या माथ्यावर एवढे तरी असावे: 'आयटीआर-१, १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील उत्पन्नासाठी, कर निर्धारण वर्ष २०२५-२६, अमुक तारखेस तपासले, त्यानंतर नियम बदललेले असू शकतात.' कमाईच्या तारखा लिहिल्या, की संज्ञा कितीही बदलल्या तरी वाचक चुकत नाही.