लेखातली अट कॅरोसेलमध्ये टिकवताना

लेख ते कॅरोसेल : भाग ४

मागच्या भागात कोणता लेख कॅरोसेलसाठी निवडावा ते पाहिले. आज निवडलेल्या लेखाला प्रत्यक्ष कात्री लावू. इन्स्टाग्रामवर २०१७ पासून एका पोस्टमध्ये दहा चित्रे देता येत होती, २०२४ मध्ये ही मर्यादा वीसवर गेली. जागा वाढली म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. युक्तिवादाला आठ-नऊ स्लाइड पुरत नसतील, तर वाचकाला मूळ लेखाकडेच पाठवावे, असे माझे मत आहे. मोबाइलवर मराठी मजकूर सुखाने वाचता यायचा तर एका स्लाइडवर पस्तीसच्या आसपास शब्द मावतात. आठ स्लाइड धरल्या तर अडीचशे-पावणेतीनशे शब्द झाले. अठराशे शब्दांच्या लेखातले दर सातांपैकी सहा शब्द जाणार. जाणाऱ्या सहांमध्ये नेमके काय असते, यावर सगळे ठरते.

उदाहरणासाठी शेततळ्यांवरचा एक लेख समोर ठेवू. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. त्यात शेततळ्यासाठी जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये अनुदान होते. शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवून साठवायचे आणि खंड पडला की पिकाला द्यायचे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घातले जाते आणि ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते. आपल्या नमुना लेखाचे म्हणणे असे: पावसाने भरलेले शेततळे दुष्काळावर उपाय ठरते, उपशाने भरलेले शेततळे गावाच्या सामाईक भूजलातला वाटा एका शेतात आणून ठेवते आणि त्यातला काही भाग उन्हाने उडून जातो.

या वाक्यात एक अट आहे. तळे कशाने भरले, यावर निकाल अवलंबून आहे. लेख आखडताना पहिला बळी या अटीचाच जातो, कारण अट काढली की वाक्य छोटे होते आणि जोरकसही वाटते. ‘शेततळीच दुष्काळ वाढवतात’ हे चार शब्दांपेक्षाही कमी आहे, मुखपृष्ठाच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत शोभतेही. पण ते लेखाचे म्हणणे नाही. कोरडवाहू भागात पावसाच्या पाण्यावर तळे भरून सोयाबीन वाचवणाऱ्या शेतकऱ्यावर तो अन्यायच आहे. म्हणून कात्री लावण्याआधी लेखाचे म्हणणे एका वाक्यात, अटीसकट, कागदावर लिहून काढावे आणि काम संपेपर्यंत तो कागद समोर ठेवावा.

त्यानंतर लेखाची एक छापील प्रत घ्यावी. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो परिच्छेद लेखात कोणते काम करतो ते एका शब्दात लिहावे: दावा, कारण, पुरावा, आक्षेप, अट, उपाय, पार्श्वभूमी, सजावट. आपल्या लेखाच्या सुरुवातीला डाळिंबाच्या बागेचे सुंदर वर्णन आहे, ती सजावट. योजनेचा इतिहास ही पार्श्वभूमी, तिला एक ओळ पुरेल. तळ्याला पाण्याची आवक-वाट आणि गाळ अडवण्याची सोय कशी असावी, हा तांत्रिक परिच्छेद महत्त्वाचा असला तरी युक्तिवादाचा भाग नाही, तो पोस्टखालच्या मजकुरात जाईल. हे सगळे झपाट्याने उरकते. खरी अडचण कारणांच्या परिच्छेदांपाशी येते.

लेखात दोन कारणे आहेत. पहिले बाष्पीभवनाचे. दुसरे सामाईक भूजलाचे: महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखाली बेसाल्टचा कातळ आहे, त्यातल्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये जे थोडे पाणी साठते ते शेजारशेजारच्या अनेक विहिरींना मिळून असते. एकाने उपसा वाढवला की दुसऱ्याची विहीर आधी आटू शकते. आता पहिल्या कारणाला आकडा आहे, दुसऱ्याला नाही. त्यामुळे कॅरोसेल करणारा हमखास पहिले ठेवतो आणि दुसरे टाकतो. आकडा मोठ्या अक्षरांत छान दिसतो, कातळातल्या भेगा समजावून सांगाव्या लागतात.

इथे काय बिघडते ते पाहा. वाचकापर्यंत फक्त बाष्पीभवन पोहोचले, तर तो सरळ उपाय काढेल: तळ्यावर आच्छादन घाला, सावलीची जाळी लावा. लेखाचा उपाय तो नाहीच. तळे झाकले तरी शेजारच्या विहिरीतले पाणी परत येत नाही. गावाने मिळून उपशाचे नियम ठरवावेत, हे लेखाचे सांगणे आहे. त्यासाठी तो हिवरे बाजारचा दाखला देतो. तिथे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर गावाने बंदी घातलेली आहे. आच्छादनाचा उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हातातला, ताळेबंदाचा उपाय गावाच्या हातातला. एक कारण गळले आणि संपूर्ण लेख दुसऱ्याच दिशेला गेला.

युक्तिवाद टिकला की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी इथूनच आली आहे. उपायाची स्लाइड झाकून ठेवा आणि लेख न वाचलेल्या माणसाला बाकीच्या स्लाइड दाखवा. मग विचारा, ‘यावर काय करायला हवे असे तुम्हाला वाटते?’ उत्तर लेखाच्या उपायाच्या जवळ आले तर कारणे नीट पोहोचली. वेगळेच उत्तर आले तर कोणते कारण गळले ते त्या उत्तरावरूनच कळते. ‘जाळी लावा’ म्हणाला तर भूजल गळले आहे. ‘शेततळी बंद करा’ म्हणाला तर अट गळली आहे. ‘शेतकऱ्यांना समजावून सांगा’ म्हणाला तर आक्षेपाचा परिच्छेद गळला आहे.

आक्षेपाच्या या परिच्छेदाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. लेखात मध्यावर शेतकऱ्याची बाजू आहे. फळबागेत त्याचे पैसे वर्षानुवर्षे अडकलेले असतात, एक उन्हाळा पाण्यावाचून गेला तर झाडेच जातात. वीज कधी येईल त्याचा नेम नसतो, विहीर कधी आटेल त्याचाही नसतो. शेजारी उपसतो आहे आणि आपण थांबलो तर आपलेच पाणी जाणार, हे त्याला स्वच्छ दिसते. तेव्हा मिळेल तेव्हा पाणी उपसून डोळ्यांसमोर साठवून ठेवणे हा त्याच्यापुरता शहाणपणाचाच निर्णय आहे. कॅरोसेल करताना हा परिच्छेद ‘दुसरी बाजू’ म्हणून सहज कापला जातो. पण तो सौजन्यापुरता आलेला नाही. एकेकट्याचे शहाणे निर्णय मिळून गावाचे नुकसान करतात, म्हणूनच नियम गावाने करावा लागतो, हा लेखाचा कणा त्या परिच्छेदात आहे. तो कापला की उरलेल्या स्लाइड शेतकऱ्याला दटावणाऱ्या होतात. आठपैकी एक पूर्ण स्लाइड मी त्याला देईन आणि तिच्यावर एकही आकडा घालणार नाही.

आता आकड्याकडे येऊ. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल तळे धरा. बाजूंना एकास एक उतार दिला तर तळाशी चोवीस मीटरचा चौरस उरतो आणि तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्यातून रोज ६,३०० लिटर उडतात, महिन्याला सुमारे एक लाख नव्वद हजार. लेखात हे गणित गृहीतकांसकट आहे. स्लाइडवर येताना मोह होतो तो चार महिन्यांचा गुणाकार करून ‘एक तृतीयांश पाणी उडून जाते’ असे लिहिण्याचा. तसे लिहू नये. तळे चारही महिने काठोकाठ भरलेले असेल तरच ते खरे. वापराने पाणी खाली जाते, उतारामुळे पृष्ठभाग आकसतो आणि बाष्पीभवनही कमी होते. म्हणून स्लाइडवर असे जावे: ‘भरलेल्या २२ लाख लिटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात महिन्याभरात अंदाजे दोन लाख लिटर उडू शकतात.’ यात तळ्याची क्षमता सोबत असल्याने आकड्याचे माप कळते, आणि ‘अंदाजे’ हा शब्द जागा अडवत असला तरी तो राहू द्यावा.

आठ स्लाइडचा क्रम मग असा लागतो. मुखपृष्ठावर अट प्रश्नाच्या रूपात: ‘शेततळे पावसाने भरले तर उपाय. विहिरीने भरले तर?’ दुसरीवर शेततळे मुळात कशासाठी. तिसरी ‘पण’ने सुरू होऊन प्रत्यक्षात काय घडते ते सांगते. चौथीवर सामाईक भूजल, पाचवीवर बाष्पीभवन. आकडा मुद्दाम नंतर. सहावीवर शेतकऱ्याची बाजू. सातवी ‘म्हणून’ने सुरू होते आणि गावाच्या नियमांपाशी येते, हिवरे बाजार तिथे. आठवीवर अटीसकट तेच एक वाक्य, जे आपण कागदावर लिहून ठेवले होते.

मुखपृष्ठावर अट हवीच, कारण लोक एकाच स्लाइडचे छायाचित्र काढून पुढे पाठवतात. शिवाय जो वाचक पहिल्या स्लाइडवरून पुढे सरकला नाही, त्याला इन्स्टाग्राम तीच पोस्ट नंतर कधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवते. तेव्हा दुसऱ्या स्लाइडची सुरुवात ‘त्यामुळे’ किंवा ‘हे असे का’ अशी असू नये; मुखपृष्ठ न पाहताही ती समजली पाहिजे. तिसरीपासून मात्र जोडणारे शब्द निश्चित ठेवावेत. लेखात परिच्छेदामागून परिच्छेद वाचताना जोड आपोआप लागते, इथे प्रत्येक वेळी बोट सरकवताना ती तुटते. सगळ्या स्लाइड छापून त्यांचा क्रम विस्कटून पाहा. विस्कटल्यावरही काही बिघडले नाही असे वाटले, तर हातात युक्तिवाद नाही, माहितीचे तुकडे आहेत.

मांडणीबद्दल दोनच गोष्टी. १०८० बाय १३५० पिक्सेलच्या उभ्या स्लाइडवर देवनागरी मजकूर चाळीस पिक्सेलपेक्षा लहान करू नये, आणि ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करण्याऐवजी शब्द कमी करावेत. स्लाइडवर न मावलेली गृहीतके, योजनेचे तपशील आणि लेखाचे नाव पोस्टखालच्या मजकुरात द्यावे. तिथे २२०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि लेखाचा दुवा दिला तरी त्यावर बोट ठेवून तो उघडत नाही, म्हणून लेख कुठे मिळेल ते शब्दांत सांगावे.

काही लेखांना ही पद्धत लागू करू नये. आठवणींचा लेख, व्यक्तिचित्र, प्रवासाचे वर्णन यांत सांगणे तपशिलांच्या साठण्यातून होते. तिथे आखडण्याऐवजी एकच उतारा उचलून जसाच्या तसा द्यावा.

पुढच्या मंगळवारच्या भागात ज्या लेखात तीन-चार तक्ते आहेत त्याचे काय करायचे ते पाहू. तोवर आपलाच एखादा जुना लेख घेऊन त्याचे म्हणणे अटीसकट एका वाक्यात लिहून ठेवा. पुढच्या भागात त्याचा उपयोग होईल.