डॉक्टर सकाळबद्दल का विचारतात?

पुरुषांच्या लैंगिक अडचणीची तक्रार दवाखान्यात सहसा सरळ येत नाही. ॲसिडिटी, पाठदुखी, थकवा असं काहीतरी सांगून होतं, औषधाची चिठ्ठी हातात पडते आणि दाराशी पोचलेला पेशंट मागे वळतो. "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." मग अर्ध्या-मुर्ध्या वाक्यांतून कळतं, की संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता येत नाही, किंवा आली तरी टिकत नाही. अशा वेळी जाणता डॉक्टर सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो, "सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का?" पेशंट गोंधळतो. "असते कधीकधी. पण ती लघवी साठलेली असते म्हणून ना?"

हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. सकाळची ताठरता मूत्राशय भरल्यामुळे येत नाही. रात्रभर जे अधूनमधून घडत असतं, त्यातला तो शेवटचा प्रसंग असतो. जाग नेमकी तेव्हा आली म्हणून तो आपल्या लक्षात येतो, एवढंच.

आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात डोळे पापण्यांआड भराभर हलतात, स्वप्नं पडतात आणि हातपायांचे स्नायू मात्र पार ढिले असतात. याला 'रेम' झोप म्हणतात. निरोगी पुरुषात या टप्प्याबरोबर ताठरता येते, रात्रीतून तीन ते पाच वेळा, आणि दर वेळी साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास राहते. स्वप्न शृंगारिकच असावं लागतं असं नाही. परीक्षेला उशीर झाल्याचं स्वप्न पडत असतानाही हे होतं. तान्ह्या मुलांतही होतं. रेम झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो, म्हणून नैसर्गिक जाग बहुतेकदा अशाच टप्प्याच्या आसपास येते.

हे का होतं ते समजलं, की डॉक्टरांच्या प्रश्नातली मेख लक्षात येते. जागेपणी लिंगातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि आतल्या स्पंजासारख्या पेशीजालातले स्नायू आवळलेले असतात. हा आवळ नॉरॲड्रिनलिन या रसायनामुळे टिकतो. रेम झोपेत मेंदूच्या देठातलं हे रसायन सोडणारं एक छोटं केंद्र जवळजवळ गप्प होतं. आवळ सुटतो, मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, स्नायू सैलावतात, रक्त आत शिरतं आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच अडकतं. यात ना इच्छेचा संबंध, ना जोडीदाराचा, ना 'जमेल का' या धाकधुकीचा.

ही धाकधूक काय करते? भीती वाटली की तेच नॉरॲड्रिनलिन वाढतं आणि आवळ घट्ट होतो. म्हणजे 'मनाचं आहे' याचा अर्थ 'काही झालेलं नाही' असा नव्हे. मन इथे रसायनाच्याच वाटेने अडवणूक करतं. फक्त झोपेत त्याचा हात तिथवर सहसा पोचत नाही.

मूळ तुर्कस्तानचे आणि पुढे अमेरिकेत काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ इस्मेत काराजान यांनी 1970 च्या सुमारास या फरकाचा निदानासाठी उपयोग मांडला. झोपेत यंत्रणा नीट चालत असेल आणि जागेपणीच अडत असेल, तर नसा, रक्तवाहिन्या आणि हार्मोन हे मूळ साहित्य बहुधा शाबूत आहे. ट्यूबलाइट लागत नसेल तर आपण ती काढून दुसऱ्या खोलीत लावून बघतो, त्यातलाच हा प्रकार. तिथे ती लागली, तर ट्यूब चांगली आहे हे नक्की. पण तिथेही लागली नाही, तर ट्यूब गेली असं लगेच म्हणता येत नाही, कारण त्या खोलीचीही वीज गेलेली असू शकते. या खुणेचं नेमकं असंच आहे. ती असली तर भक्कम साक्ष देते. नसली तर तपासाला लावते, निकाल देत नाही.

आधी 'असली तर'ची बाजू. लग्नाला चार महिने झालेला, तिशीच्या आतला तरुण. पहिल्या रात्री दमणूक आणि घाबरगुंडीत जमलं नाही, तेव्हापासून दर वेळी लक्ष बायकोकडे कमी आणि स्वतःकडेच जास्त. सकाळी मात्र आठवड्यातून तीन-चार वेळा पूर्ण ताठरता येते, एकट्याने हस्तमैथुन करतानाही अडचण नाही. अडचण एकाएकी सुरू झाली आणि एकाच प्रसंगापुरती आहे. याला महागड्या तपासण्यांची गरज नसते. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1970 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात. काही आठवडे संभोग करायचाच नाही असं दोघांनी ठरवायचं, फक्त स्पर्श, आणि पायरीपायरीने पुढे जायचं. परीक्षाच रद्द झाली की आवळ सुटतो. रेल्वेलाइनच्या कडेला भिंतींवर जाहिराती करणारे 'गुप्तरोगतज्ज्ञ' याच तरुणाला 'नसांची कमजोरी' सांगून महिनोन्महिने चूर्णं खायला लावतात. त्यांना सकाळबद्दल विचारायचं सुचत नसावं, किंवा सुचूनही परवडत नसावं.

आता दुसरी बाजू, जी जास्त महत्त्वाची आहे. नमुन्यादाखल एक पेशंट धरू. सोलापूरकडचा कापड दुकानदार, वय 46. म्हणतो, "डॉक्टर, धंद्याचं टेन्शन आहे, म्हणून होतंय." बायकोलाही तेच वाटतं. पण नीट विचारलं तर कहाणी वेगळी निघते. अडचण एका रात्रीत आली नाही, दीड वर्षात हळूहळू वाढत गेली. आधी ताठरता टिकेना, मग पुरेशी येईना. इच्छा आहे. एकट्यानेही तीच गत. सकाळचं? तो थोडा वेळ आठवतो. "पूर्वी असायचं. आता कधीतरी, तेही मऊच." टेन्शन झोपेत इतकं नियमाने पोचत नाही.

डॉक्टर रक्तदाब घेतात, 148 वर 94. कमरेचा घेर मोजतात, तंबाखूबद्दल विचारतात. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि टेस्टोस्टेरॉन सांगतात. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्यायचं, कारण त्याची पातळी तेव्हा सर्वांत जास्त असते आणि दुपारचा आकडा फसवा ठरू शकतो. रिपोर्ट येतो, एचबीएवनसी 8.9. साडेसहा आणि त्यापुढे मधुमेह धरतात. म्हणजे टेन्शन म्हणून सांगितलेली अडचण प्रत्यक्षात न ओळखलेल्या मधुमेहाची होती. साखर रक्तवाहिन्यांचं अस्तरही बिघडवते आणि बारीक नसाही. रात्रीच्या ताठरतेला हे दोन्ही लागतात.

डॉक्टर इथे थांबत नाहीत, ईसीजी काढतात आणि चालताना दम लागतो का, छातीत भरून येतं का, हे विचारतात. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. एकच रोग दोन्हीकडे सुरू असेल तर अरुंद जागा आधी तुंबते. म्हणून ताठरतेची अडचण हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन-तीन वर्षं किंवा त्याहूनही आधी दिसू शकते. या दुकानदाराने दुकानातून परस्पर गोळी आणून खाल्ली असती, तर कदाचित काम झालंही असतं आणि मधुमेह तसाच राहिला असता. पुढे छातीत दुखून त्याने जिभेखाली नायट्रेटची, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी गोळी ठेवली असती आणि आदल्या रात्रीची सिल्डेनाफिल अंगात असती, तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. या दोन गोळ्या कधीच एकत्र घ्यायच्या नसतात.

मग सकाळची खूण नसूनही शरीर ठीक असतं ते कधी? मुख्यतः झोपच बिघडलेली असते तेव्हा. पहाटे चारला गजर लावून दुधाच्या गाडीवर जाणारा माणूस रात्रीचा उत्तरार्धच गमावतो. गजराने गाढ झोपेतून दचकून उठलेल्याला काहीच जाणवत नाही. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडून पुन्हा पुन्हा अर्धवट जागा होणारा माणूस रेम झोपेत टिकतच नाही. रात्रीची दारू रेम झोप कमी करते, नैराश्यावरच्या काही गोळ्याही करतात. गंभीर नैराश्य स्वतःच रात्रीची ताठरता कमी करू शकतं. म्हणजे मनाचा आजार इथे शरीराच्या आजाराचं रूप घेतो. वयाबरोबर ती थोडी कमी होतेच. हार्मोनचीही नोंद घ्यावी लागते. युरोपातल्या आठ केंद्रांवर 40 ते 79 वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेशी ठळकपणे जोडलेली तीन लैंगिक लक्षणं निघाली, ती म्हणजे सकाळची ताठरता कमी होणं, लैंगिक विचार कमी होणं आणि संबंधाच्या वेळची अडचण.

माणसाच्या आठवणीवरही फार विसंबता येत नाही. यावर 1980 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गमतीदार उपाय छापला, पोस्टाच्या तिकिटांचा. चार तिकिटांची सलग पट्टी झोपताना लिंगाभोवती गुंडाळायची, टोकं एकमेकांवर आणून ओल्या डिंकाने चिकटवायची, वर चड्डी घालायची. सकाळी तिकिटांमधली भोकांची रेघ फाटली असेल तर रात्री निदान एकदा ताठरता आली. सलग तीन रात्री करायचं. स्वस्त आणि चतुर, पण लिंग फुगलं एवढंच ते सांगतं. किती कडक झालं, किती वेळ राहिलं, याचा पत्ता नाही. शिवाय कूस बदलतानाही पट्टी फाटते. 1985 च्या सुमारास आलेल्या रिजिस्कॅन यंत्राने ही उणीव भरली. लिंगाच्या मुळाशी आणि टोकाशी एकेक कडी, मांडीला बांधलेली पेटी, दोन-तीन रात्री. टोकाशी 60 टक्के किंवा अधिक कडकपणा निदान दहा मिनिटं टिकला, तर यंत्रणा चांगली मानतात. बहुतेकांना याची वेळ येत नाही, पण कोर्टाचं प्रकरण किंवा गुंतागुंतीची केस असली तर ते कामी येतं.

घरच्या घरी करण्यासारखं याहून सोपं आहे. गजर न लावता उठता येईल अशा चार-पाच सकाळी निवडाव्या, आदल्या रात्री दारू टाळावी, आणि जाग येताच ताठरता होती का, संबंधाला पुरेल इतकी कडक होती का, एवढं कॅलेंडरवर टिपून ठेवावं. 'होती, पण मऊ' हे 'होती'मध्ये धरू नये, वेगळं लिहावं. सोबत अडचण एकाएकी आली की हळूहळू, एकट्याने असतानाही येते का, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, तेही लिहावं. त्या दुकानदाराची साखर आणि रक्तदाब औषधांनी आटोक्यात आले, तंबाखू सुटली, आणि हृदय तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सिल्डेनाफिलही दिली. तरीही सुरुवातीच्या काही रात्री जमेना. दीड वर्षात 'आता होणार नाही' ही भीती पक्की बसली होती, आणि ती घालवायला नवरा-बायको दोघांनाही समुपदेशकाकडे जावं लागलं.