ड्राइव्हच्या तोंडावरचं बारीक भोक

कॉम्प्युटरच्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा दर्शनी भाग न्याहाळला, तर ट्रेच्या खालच्या पट्टीत एक बटण दिसतं, एक इवलासा दिवा दिसतो आणि त्यांच्या आसपास टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक दिसतं. ते हवा खेळण्यासाठी असावं असं कुणाला वाटतं, कुणाला ते माइकचं वाटतं. प्रत्यक्षात अडकलेली तबकडी हाताने सोडवता यावी म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

त्याची गरज का पडते, हे बटणाचा स्वभाव कळला की लक्षात येतं. पूर्वीच्या पीसीतल्या फ्लॉपी ड्राइव्हचं बटण दाबलं की बोटाच्या जोरानेच फ्लॉपी बाहेर यायची. सीडी ड्राइव्हचं बटण मात्र आत नुसता निरोप धाडतं. ट्रे बाहेर ढकलण्याचं काम एक छोटी मोटर करते. त्यासाठी वीज लागते, विंडोजसारख्या प्रणालीची हरकत नसावी लागते आणि मोटरचा जोर ट्रेपर्यंत पोचावा लागतो. यातलं एक जरी बिनसलं तरी बटण कितीही दाबा, काही होत नाही. 1984 सालच्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या फ्लॉपी ड्राइव्हला तर बटणच नव्हतं. फ्लॉपी बाहेर काढण्याचा हुकूम पडद्यावरून द्यायचा, आणि म्हणून तिथेही असंच एक भोक होतं.

क्लिप शोधायला उठण्याआधी ड्राइव्हचा आवाज ऐकावा. बटण दाबल्यावर आत अजिबात हालचाल नसेल, पण कॉम्प्युटर नीट चालू असेल, तर बहुतेक वेळा एखाद्या प्रोग्रॅमने तबकडी धरून ठेवलेली असते. चालू असलेला प्रोग्रॅम बंद करावा, ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून Eject निवडावं. तेवढ्याने जमलं नाही तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून, विंडोज सुरू होण्याच्या आतच बटण दाबावं. त्या क्षणी ड्राइव्हला वीज मिळालेली असते आणि अडवणारं कुणी नसतं. काही कॅबिनेटमध्ये ड्राइव्हच्या पुढे झुलतं झाकण असतं. ट्रे त्यावर आपटून परत आत जात असेल, तर दोष ड्राइव्हचा नाही.

बटण दाबल्यावर आत मोटर घरघरते, सेकंद-दोन सेकंद धडपडते आणि मग गप्प होते, पण ट्रे हलत नाही, ही खरी भोकाची वेळ. कॉम्प्युटरच बंद पडला असेल आणि तबकडी आत असेल, तरीही हाच मार्ग.

मोटर घरघरते आणि ट्रे हलत नाही, हे कसं? टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमधल्या ड्राइव्हमध्ये ट्रे आत आल्यावर एक आडवा सरकता तुकडा बाजूला सरकतो. त्याच्या तिरप्या खाचांमुळे तबकडी फिरवणारी मोटर आणि लेझरचं भिंग बसवलेली चौकट वर उचलली जाते. वर झाकणाला एक छोटी चकती टांगलेली असते. खालची मोटर आणि वरची चकती लोहचुंबकाच्या ओढीने एकमेकींना चिकटतात आणि तबकडी मधल्या मध्ये घट्ट धरली जाते. ट्रे बाहेर यायचा तर हे सगळं उलट क्रमाने व्हावं लागतं: तो तुकडा परत सरकतो, चौकट खाली येते, चुंबकाची पकड सुटते आणि मगच ट्रेचे दाते चाकात अडकून तो बाहेर निघतो. सगळ्यात जास्त जोर लागतो तो ही पकड सोडवण्याच्या क्षणी. मोटरचा जोर चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा मात्र वर्षानुवर्षांत जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा सैल पडलेला असतो. मोटर फिरते आणि पट्टा जागच्या जागी घसरतो. घरघर ऐकू येते ती याचीच.

भोकाच्या थेट मागे त्या सरकत्या तुकड्याचा एक कोपरा असतो. तार आत घातली की आपण मोटरच्या वाटचं काम स्वतः करतो. म्हणून हे भोक म्हणजे आणखी एक बटण असं समजू नये. तिथे टिचकी मारून भागत नाही, दाबून ढकलावं लागतं.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. घरातल्या कुणाचा तरी एमआरआय झाला आहे आणि सेंटरने रिपोर्टसोबत सीडी दिली आहे. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणून कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुसून चालू केला. चित्रं दिसली, पण आता सीडी बाहेर येत नाही आणि उद्या सकाळी ती डॉक्टरांकडे न्यायची आहे. कॉम्प्युटर चालू आहे आणि ड्राइव्ह वाचतोय, तर पहिलं काम म्हणजे सीडीतलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेणं. नुसती चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम घेऊन उपयोग नाही. DICOMDIR नावाची फाइल आणि तिच्यासोबतचे सगळे फोल्डर जसेच्या तसे घ्यावेत. आता घाई उरली नाही.

मग कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा आणि प्लग काढायचा. वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे 10,000 फेऱ्यांपर्यंत फिरू शकते. तशात पकड सोडवली तर तबकडी ओरखडेल, नाहीतर फुटेल. वीज गेल्यावरही ती थोडा वेळ फिरत राहते, म्हणून मिनिटभर थांबावं.

तार म्हणून साधी धातूची पेपर क्लिप उत्तम. तिची तार साधारण एक मिलिमीटर जाडीची असते, भोकात जाते आणि सहज वाकत नाही. बाहेरचं वळण उलगडून पाचेक सेंटिमीटरचा भाग पकडीने अगदी सरळ करावा, बाकीची वळणं मूठ म्हणून तशीच ठेवावीत. टाचणी वाकते. सुई टोकदार असल्याने प्लॅस्टिकमध्ये रुतते. टूथपिक आत मोडतो आणि मग तोच काढत बसावं लागतं. मोबाइलचं सिम काढायची पिन हाताशी असते खरी, पण या ड्राइव्हला ती बहुधा आखूड पडते. फार जुन्या ड्राइव्हवर हेडफोनचं भोकही असतं, ते मोठं आणि गोल असतं. तिथे क्लिप खुपसू नये.

तार ड्राइव्हच्या तोंडाशी काटकोनात, अगदी आडवी आत घालायची. आता सगळं बोटांना काय जाणवतं त्यावर आहे. थोडं आत गेल्यावर तार एखाद्या वस्तूला टेकते. दाब दिला की ती वस्तू हट्टाने, पण थोडी मागे हटते. हीच योग्य जागा. तार कुठेही न अडता खोल जात राहिली, तर ती तिरपी होऊन बाजूने निसटली आहे. दगडाला टेकल्यासारखी अडली आणि जरासुद्धा हटेना, तर ती चौकटीला लागली आहे. दोन्ही वेळा जोर वाढवू नये. तार बाहेर काढून परत सरळ घालावी.

जागा सापडली की स्थिर दाब द्यायचा. आपण थांबलेली मोटर आणि तिची सगळी चाकं उलटी फिरवत असतो, तेव्हा जोर अपेक्षेपेक्षा जास्त लागतो. पहिल्यांदा करणारे इथेच घाबरून सोडून देतात. मग आत ‘टक’ असा आवाज येतो. चुंबकाची पकड सुटली. ट्रेची कड काही मिलिमीटर पुढे येते आणि थांबते. अर्धवट उघडलं म्हणून पुन्हा तार खुपसायची गरज नाही, तारेचं काम इथे संपलं. कड नखांनी धरून ट्रे सावकाश ओढावा. आत चाकं फिरत असल्याने तो जड लागतो, झटका दिला तर दाते तुटतात. उभ्या बसवलेल्या ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर येताच तबकडी खाली पडू शकते, तिथे दुसरा हात तयार ठेवावा.

तबकडी मिळाली, पण पट्टा अजून सैलच आहे. दुरुस्ती करणारे ट्रे याच भोकातून थोडा बाहेर काढतात, कारण त्याशिवाय त्याची दर्शनी पट्टी निघत नाही आणि पट्टी निघाल्याशिवाय ड्राइव्ह उघडत नाही. मग पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात किंवा बदलतात. तोवर चालवायचंच असेल, तर ड्राइव्ह रिकामा ठेवू नये. तबकडी नसली की चुंबक आणि चकती आणखी जवळ येतात आणि ओढ वाढते, म्हणून असा ड्राइव्ह रिकामा असताना उलट जास्त हट्टाने अडतो. एखादी टाकाऊ सीडी आत असू द्यावी.

लॅपटॉपच्या किंवा यूएसबीने जोडायच्या पातळ ड्राइव्हमध्ये यातलं बरंचसं नसतं. तिथे तबकडी आपण हाताने मधल्या गोल खुंटीवर दाबून बसवतो. ट्रे स्प्रिंगवर ताणलेला असतो आणि एका आकड्याने रोखलेला असतो. तार तो आकडा तेवढा सोडवते, त्यामुळे हलका दाब पुरतो आणि ट्रे पटकन सेंटिमीटरभर पुढे येतो. तो पुढे आला पण नंतर अडला, तर तबकडी खुंटीवरून निसटून वरच्या पत्र्याला घासत असते. फटीतून एक पातळ कार्ड तबकडीच्या वरून सरकवून ती खाली दाबावी आणि ट्रे हळूहळू ओढावा. या ट्रेबरोबर लेझरचं भिंगही बाहेर येतं, त्याला बोट लावू नये.

एका बाबतीत मात्र तार उचलूच नये. तडा गेलेली सीडी वेगात फिरताना फुटते, मोठा आवाज होतो आणि नंतर ड्राइव्ह हलवला की आत तुकडे खुळखुळतात. तार दाबून ते तुकडे चाकांत आणखी रुततात. असा ड्राइव्ह कॅबिनेटमधून काढून, खालचे स्क्रू सोडवून, झाकण उघडूनच साफ करावा लागतो. तुकडे काचेसारखे धारदार असतात, आणि भिंगावर ओरखडा पडला असेल तर तो ड्राइव्ह बदललेला बरा.

फटीतून तबकडी आत ओढून घेणाऱ्या, ट्रे नसलेल्या ड्राइव्हला बहुधा असं भोक नसतं. तिथे चिमटा घालून ओढाओढ केली तर आतले रूळ बिघडतात. सॉफ्टवेअरने आणि रीस्टार्टने जमलं नाही, तर तो उघडणाऱ्याकडेच न्यावा.